कमिटीत तेरा जण, आणि तारीख ठरवायला कोणीच नाही

पत्र : नमस्कार सर, जळगाव एमआयडीसीत आमची पीव्हीसी पाइप आणि ठिबकची कंपनी आहे, साडेतीनशे माणसं. नवीन ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं मिळून एकच सॉफ्टवेअर, बसवतोय, बजेट १ कोटी २० लाख, आणि मी प्रोजेक्ट मॅनेजर. स्टीअरिंग कमिटीत १३ जण आहेत. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन तास बसतो पण ठरत काहीच नाही. गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करायच्या तारखेवर तीन मीटिंगा झाल्या, अकाउंट्सवाले म्हणतात १ एप्रिल, डिस्पॅचवाले म्हणतात सीझन झाल्यावर, व्हेंडर म्हणतो तुम्ही सांगाल तसं. कमिटीचे अध्यक्ष धाकटे शेठ आहेत, ते सगळ्यांचं ऐकून घेतात. मग संध्याकाळी कोणीतरी मोठ्या शेठना फोन करतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं परत पहिल्यापासून. कोण काय करून राहिलं तेच कळत नाही. कमिटीत कोणी काय ठरवायचं आणि मी स्वतः किती ठरवू शकते? — एक प्रोजेक्ट मॅनेजर, जळगाव

---

ताई, तारखेचं नंतर बघू, आधी ते तेरा जण बघू. तुम्ही नावं पाठवली नाहीत पण मी अंदाजाने सांगतो, परचेस, स्टोअर, प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, एचआर, सेल्सचे दोन, अकाउंट्स, डिस्पॅच, आयटी, व्हेंडरचा माणूस आणि धाकटे शेठ, असंच असणार. म्हणजे प्रत्येक खात्याला मान म्हणून एक-एक खुर्ची दिली. ही माणसं नकोत असं अजिबात नाही, त्यांना विचारल्याशिवाय ईआरपी चालणारच नाही, पण ज्याला विचारायचं तो आणि ज्याने ठरवायचं तो, ही दोन वेगळी कामं तुमच्याकडे एकाच टेबलावर बसवलीत. शेतातल्या भरीत पार्टीला काड्या गोळा करायला आणि वांगी भाजायला सगळा गोतावळा लागतो, पण मिरची किती टाकायची हे एकच जण ठरवतो, नाहीतर भरीत खाण्यासारखं राहत नाही.

ठरवणाऱ्या बाजू तीनच असतात. ज्याचा पैसा आहे आणि ज्याला फायदा हवाय तो, ज्याची माणसं उद्यापासून ही सिस्टीम वापरणार तो, आणि जो ती बनवून देणार तो. प्रिन्स-टू नावाची जी प्रोजेक्टची पद्धत आहे तिच्यात पण बोर्डाच्या ह्याच तीन भूमिका आहेत, एक्झिक्युटिव्ह, सीनियर युजर आणि सीनियर सप्लायर, आणि तिथं मतदान नसतं, बाकीच्यांचं ऐकून शेवटचा शब्द एक्झिक्युटिव्हचाच. आपल्याकडे त्याला स्पॉन्सर म्हणतात. तुमच्या कमिटीत स्पॉन्सर म्हणजे धाकटे शेठ, युजरच्या बाजूने अकाउंट्स हेड आणि डिस्पॅच हेड दोघंही, कारण खरं भांडण ह्या दोघांतच आहे आणि एकाला बाहेर ठेवलं तर ते भांडण फोनवर जाईल, आणि सप्लायरच्या बाजूने व्हेंडरचा माणूस आणि तुमचे आयटी हेड. झाले पाच, पुरे.

व्हेंडरबद्दल मात्र एक अट घालाच. तो कमिटीत बसला तरी त्याच्या बिलाचा, दंडाचा किंवा जादा कामाच्या रेटचा विषय आला की त्याने बाहेर जाऊन चहा प्यायचा, तेवढ्यापुरती सप्लायरची बाजू आयटी हेडने सांभाळायची. ही अट आधी लिहून ठेवली तर कोणाला राग येत नाही, ऐनवेळी उठा म्हटलं की येतो.

उरलेल्या आठ जणांना कमिटीतून काढलं असं कुठेही म्हणू नका, आपल्याकडे मान-अपमान किती पटकन होतो ते तुम्हाला मी काय सांगणार. त्यांचा एक वेगळा वापरकर्ता गट करा, मीटिंगच्या चार दिवस आधी त्यांची बैठक तुम्ही घ्या, त्यांचं म्हणणं कागदावर घ्या, आणि तो कागद कमिटीसमोर जसाच्या तसा ठेवा. परचेसवाल्याचा आक्षेप त्याच्या नावाने कमिटीत वाचला गेला की त्याला खुर्चीचं फार वाटत नाही, निदान बहुतेकांना तरी. आणि हो, तुम्ही स्वतः पण कमिटीच्या मेंबर नाही बरं का. तुम्ही विषय मांडायचा, पर्याय द्यायचे, कोणता घ्यावा हे सुद्धा स्पष्ट सांगायचं, पण निर्णयाची सही तुमची नाही. हे ऐकायला बरं वाटत नाही पण ह्यात तुमचंच संरक्षण आहे.

आता तुमचा अधिकार. बऱ्याच कंपन्या विषयांची भलीमोठी यादी करतात, हे पीएमने ठरवायचं, ते कमिटीने, आणि पहिल्याच महिन्यात असा विषय येतो जो यादीत नाही. त्यापेक्षा मर्यादा आखा, पैशाची, वेळेची आणि कामाच्या व्याप्तीची. मर्यादेच्या आत कोणाला विचारायचं नाही, मर्यादा ओलांडली जाईल असं *दिसलं* की वर जायचं. ओलांडल्यावर नाही, दिसल्यावर. खूप जण इथेच चुकतात, पैसे संपल्यावर कमिटीत येतात, तेव्हा कमिटीकडे ठरवायला काय उरतं, फक्त ओरडायचं उरतं.

तुमच्या १ कोटी २० लाखांवर मी आकडे टाकून दाखवतो, ते उदाहरणादाखल धरा आणि शेठांशी बसून बदला. समजा ह्यातले १० लाख राखीव म्हणून बाजूला काढले आणि ते स्पॉन्सरच्या हातात ठेवले. तुम्हाला उरलेल्या १ कोटी १० लाखांच्या आत एका बदलासाठी १ लाखापर्यंत आणि पूर्ण प्रोजेक्टमध्ये मिळून ४ लाखांपर्यंत मुभा. मधल्या टप्प्यांच्या तारखा दहा कामाच्या दिवसांपर्यंत तुम्ही हलवू शकता, पण गो-लाइव्ह हलत नसेल तरच. रिपोर्टचा फॉरमॅट, स्क्रीनवरची फील्डं, ट्रेनिंगचं वेळापत्रक, हे सगळं तुमचं. त्याच्या वर म्हणजे राखीव १० लाखांतला खर्च, एखादं मॉड्यूल वाढवणं-वगळणं आणि गो-लाइव्हची तारीख, हे कमिटीत धाकटे शेठ ठरवतील. आणि १ कोटी २० लाखांच्या वर एक रुपया, व्हेंडर बदलणं किंवा प्रोजेक्टच बंद करणं, हे तीन विषय मोठ्या शेठांचे.

त्यातला "मिळून ४ लाख" हा भाग विसरू नका. फक्त एका बदलाची मर्यादा लिहिली की लोक तुकडे पाडतात, ९०-९० हजारांचे नऊ बदल येतात, प्रत्येक मर्यादेत, आणि बेरीज होते ८ लाख १० हजार. कोणी खोटं केलेलं नसतं पण पैसे गेलेले असतात.

व्याप्तीचं जरा खोलात सांगतो कारण तुमच्या धंद्यात ते फसवं आहे. पाइप बनतो किलोवर आणि विकला जातो मीटरवर किंवा नगावर. उद्या प्लँटवाला येऊन तुम्हाला म्हणेल, मॅडम ९० एमएम ६ केजीच्या पाइपचा स्टॉक आम्हाला किलोतच दाखवा, छोटा बदल आहे, व्हेंडर पंचवीस हजारात करून देतो. पैशाने बघितलं तर तो तुमच्या मर्यादेत आहे, पण त्याने स्टॉकचं मूल्य काढायची पद्धत बदलते, पाइपचं वजन थोडं कमी-जास्त निघालं की मीटरचा आणि किलोचा हिशोब जुळत नाही, आणि वर्षअखेरीला ऑडिटर अकाउंट्स हेडला धरणार. म्हणून पैसा कितीही कमी असो, स्टॉकचं मूल्य, जीएसटी आणि विक्रीचा दर ह्या तिघांना हात लावणारा बदल तुम्ही एकट्याने मंजूर करायचा नाही. ही ओळ तुमच्या कागदात ठळक टाका.

आता तारीख. इतके दिवस तुमच्या मीटिंगमध्ये प्रश्न असा विचारला जातोय की तारीख कोणती ठेवायची, आणि प्रत्येक जण आपापली तारीख सांगतो. तसं न करता प्रत्येकाला फक्त त्याच्या हक्काचा प्रश्न विचारा. डिस्पॅच हेडला विचारायचं, कोणत्या गोष्टी चालल्या की तुम्ही तयार म्हणाल. अकाउंट्स हेडला विचारायचं, ह्या तारखेला ओपनिंग बॅलन्स घ्यायला काय लागेल आणि किती माणसं लागतील. व्हेंडरला विचारायचं, त्या महिन्यात जळगावात तुमची किती माणसं बसतील, नावानिशी सांगा, "तुम्ही सांगाल तसं" हे उत्तर नाही. आणि ही सगळी उत्तरं समोर ठेवून तारीख एकट्या स्पॉन्सरने सांगायची.

तुम्ही एका पानावर तीन पर्याय मांडा. पहिला १ एप्रिल. फायदा सरळ आहे, नवं आर्थिक वर्ष, नवी पुस्तकं. पण त्याच आठवड्यात वर्षअखेरीचं क्लोजिंग, सीझनसाठी यार्डात माल शिगोशीग भरलेला म्हणून स्टॉक मोजायला सगळ्यात अवघड वेळ, डीलरच्या गाड्या रांगेत, आणि पुढे आखाजीला हमाल आणि ऑपरेटर गावी गेले की चार दिवस अर्ध्या माणसांवर नवी सिस्टीम. वर ई-इनव्हॉइस. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते लागतं, म्हणजे तुम्हाला लागतंच, आणि पोर्टलवरून बिलाचा आयआरएन नंबर आला नाही तर भरलेली गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर फोन करणार डीलरला, डीलर करणार मोठ्या शेठना, पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

दुसरा पर्याय १ जुलै. सीझन ओसरलेला, यार्ड बरंच रिकामं, मोजणी सोपी. तोटा असा की एका आर्थिक वर्षात दोन सिस्टीम होतात, पहिले तीन महिने जुन्यात आणि नऊ महिने नव्यात. अकाउंट्सवाले ह्याच मुद्द्यावर अडून बसतात पण त्यांचा खरा त्रास किती आहे ते मोजा. ३० जूनचा ट्रायल बॅलन्स, न मिटलेली डीलरची आणि सप्लायरची बिलं, स्टॉक, हे आणावं लागतं, ऑडिटरला आधी सांगून ठेवावं लागतं, आणि जुनी सिस्टीम बघण्यापुरती चालू ठेवावी लागते. बिल नंबरची सलगता तुटेल असा एक आक्षेप नेहमी येतो, पण जीएसटीच्या नियमात बिलाच्या एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, नंबर त्या आर्थिक वर्षात दुबार यायला नको आणि सोळा अक्षरांच्या वर जायला नको एवढंच, म्हणजे १ जुलैपासून नवीन सिरीज लावली की झालं. खर्च धरा, व्हेंडरची माणसं तीन महिने जास्त म्हणून ५ लाख आणि जुन्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा खर्च ७५ हजार, एकूण पावणेसहा लाख. हे राखीव १० लाखांत बसतं, म्हणजे हा निर्णय धाकट्या शेठांच्याच अधिकारात आहे, मोठ्या शेठांकडे जायची गरजच नाही.

तिसरा पर्याय मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास काढणार, की अकाउंट्स १ एप्रिलला सुरू करू आणि डिस्पॅच जुलैला, म्हणजे दोघंही खूश. माझं मत स्पष्ट आहे, ह्याच्यापासून लांब राहा. तीन महिने बिल जुन्या सिस्टीममध्ये बनणार आणि नव्यात परत कोणीतरी टाइप करणार, स्टॉक एकीकडे आणि त्याची किंमत दुसरीकडे, मे महिन्यात दोन्हीचे आकडे जुळणार नाहीत आणि चूक कुठल्या सिस्टीममध्ये आहे ते शोधायला कोणाकडे वेळ नसेल. कमिटी जेव्हा बहुमताने किंवा सगळ्यांच्या संमतीने ठरवते तेव्हा नेमका असा पर्याय निवडला जातो, कारण त्याला कोणी नाही म्हणत नाही. म्हणून तर एकाचा शब्द शेवटचा लागतो.

मला विचाराल तर १ जुलै. पण नुसती तारीख ठरवून थांबू नका, तिच्याबरोबर १५ जूनची एक तपासणी ठरवा, जाऊ का थांबू अशी. त्यासाठी डिस्पॅच हेडने आजच लिहून द्यायचं की काय झालं तर मी तयार. उदाहरणार्थ, सीझनच्या एका गर्दीच्या दिवसाच्या खऱ्या ऑर्डरी घ्यायच्या, त्या टेस्ट सिस्टीममध्ये ऑर्डर, लोडिंग स्लिप, वजनकाटा, बिल, टेस्ट पोर्टलवरून आयआरएन, गेटपास अशा शेवटपर्यंत न्यायच्या, आणि हे व्हेंडरच्या माणसाने नाही तर डिस्पॅचच्याच क्लार्कने करायचं, व्हेंडरने मागे उभं राहून माउसला हात न लावता बघायचं. आयटम मास्टरमध्ये साइज आणि प्रेशर क्लास तपासून झालेत का, यार्डातली मोजणी आणि सिस्टीमचा आकडा किती फरकाने जुळतोय, तो फरक किती चालेल हे अकाउंट्स हेडने आधी सांगायचं. १५ जूनला डिस्पॅच हेड म्हणाले तयार नाही, तर स्पॉन्सर तरीही "चला" म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे, पण मग मिनिट्समध्ये लिहायचं की डिस्पॅचचा आक्षेप असा होता, धोका हा होता आणि तो धाकट्या शेठांनी स्वतःच्या नावावर घेतला. हे लिहायची वेळ आली की निम्म्या वेळा माणूस परत विचार करतो.

राहिला संध्याकाळचा फोन. इथे तुमचा प्रश्न कमिटीचा नाही, घरातला आहे, आणि तो तुम्ही सोडवू शकत नाही, फक्त उघडा पाडू शकता. धाकटे शेठ कागदावर स्पॉन्सर आहेत पण पैशाची सही खरंच त्यांची आहे का, हे बघा. पाच लाखांचा खर्च ते वडिलांना न विचारता मंजूर करू शकत नसतील तर ते स्पॉन्सर नाहीत, मीटिंगचे सूत्रसंचालक आहेत. मग दोनच रस्ते आहेत. एक तर मोठ्या शेठांनी लेखी द्यायचं की एवढ्यापर्यंत धाकट्याचा शब्द शेवटचा, आणि फोन आला की "धाकट्याला विचार" एवढंच म्हणायचं. नाहीतर मोठ्या शेठांनीच स्पॉन्सर व्हायचं, महिन्यातून एक तास द्यायचा आणि धाकट्यांना युजरच्या बाजूने बसवायचं. दुसरा रस्ता काही वाईट नाही, अनेक घरच्या कंपन्यांत तोच प्रामाणिक असतो. अधिकार एकाकडे आणि खुर्ची दुसऱ्याकडे, एवढं मात्र चालत नाही.

ठरलेलं परत उघडायचा पण एक नियम करा. नवीन माहिती आली असेल तर आणि स्पॉन्सरच्या परवानगीनेच विषय परत येईल, मला पटलं नव्हतं हे कारण चालणार नाही. त्यासाठी निर्णयांचं एक रजिस्टर लागतं, साधी एक्सेल शीट चालते, निर्णय क्रमांक, तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, कोणत्या आधारावर, आणि परत कधी बघायचं. त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ते मेलवर आणि ग्रुपवर टाका, कारण तुमच्याकडे फोन संध्याकाळी होतो, त्याच्या आधी लेखी गेलेलं बरं.

बाकी किरकोळ. महिन्यातून एकदाच बसा, पण कागद तीन दिवस आधी द्या. मधेच तातडीचं काही आलं तर तुम्ही एक पान पाठवायचं, स्पॉन्सरने ४८ तासांत हो किंवा नाही सांगायचं. स्पॉन्सर किंवा दोन युजरपैकी एकही नसेल तर मीटिंग घेऊ नका, आणि कोणी असिस्टंटला पाठवलं तर त्याला हो-नाही म्हणायचा अधिकार असला पाहिजे, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणणारा माणूस म्हणजे गैरहजरच. जुनी मिनिट्स काढून बघा, "चर्चा झाली" आणि "पुढील बैठकीत घेण्यात यावे" ही वाक्यं किती वेळा आली ते मोजा, धाकट्या शेठांना दाखवायला त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

पुढच्या मीटिंगची वाट बघू नका. त्याआधी धाकट्या शेठांची एकट्याने अर्ध्या तासाची वेळ मागा, दोन पानं न्या, एकावर पाच नावं आणि मर्यादांचे आकडे, दुसऱ्यावर तारखेचे तीन पर्याय. पहिल्या पानावर दोन्ही शेठांच्या सह्यांची जागा ठेवा. ते म्हणाले की "वडिलांची सही कशाला, मी आहे ना", तर हळूच विचारा, मग ते पावणेसहा लाख आजच मंजूर धरू का?